हवा की मणी?

विक्रीच्या धंद्यात माझा शब्द खरा ठरला तो ज्यांच्यामुळे, त्यांच्यात पहिला मान अण्णांचा. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शीतकरणाच्या कंपनीत ते प्रोजेक्ट विभाग सांभाळत. ऑर्डर मी आणायचो आणि ती उभी करायचे ते. या दोन कामांच्या मध्ये जी जागा असते, तिथे ग्राहकाला दिलेले शब्द गळून पडतात. अण्णांनी ते गळू दिले नाहीत.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार काकांच्या पॅकहाऊसला प्रीकूलिंगची खोली द्यायची होती. बोलणं झालं होतं ते असं: सहा टन माल, सकाळच्या तोडीचा, साधारण २८ अंशांचा, सहा तासांत तो ४ अंशांच्या खाली. काका मण्यात थर्मामीटर खुपसून बघणारे गृहस्थ. निर्यातीचा खरेदीदारही तसंच बघतो, त्यामुळे आमचं सगळं बोलणं मण्याच्या गराबद्दल झालेलं. मी किंमतही त्याच हिशेबाने दिली होती. ऑर्डरच्या छापील नमुन्यात मात्र एकच रकाना होता, 'खोलीचे तापमान', आणि त्यात ऑफिसातून ४ अंश भरलं गेलं.

कागद हातात घेऊन अण्णांनी विचारलं, "चार अंशांवर काय येणार? हवा की मणी?"

हा फरक किती मोठा आहे, हे त्यांनी मला तिथेच पाटीवर मांडून दाखवलं. मणी थंड होतो तो हवेच्या आणि त्याच्या तापमानातल्या फरकावर. हवा शून्यावर धरली आणि हा फरक निम्मा व्हायला दोन तास लागत असतील, तर मणी २८ वरून १४, मग ७ आणि सहाव्या तासाला साडेतीनवर येतो. हवाच ४ अंशांवर ठेवली, तर तेवढ्याच वेळात मणी ७ वर असतो आणि ४ ला रात्रभरातही जेमतेम टेकतो. शिवाय दोन तासांचा हा आकडा मिळतो तो पॅलेटवर ताडपत्री टाकून पंख्याने खोक्यांच्या भोकांतून हवा ओढली तरच. नुसत्या थंड खोलीत माल ठेवला तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. तो कागद तसाच पुढे गेला असता, तर खरेदी विभागाने खोली ४ अंशांवर राखण्यापुरता लहान कॉम्प्रेसर मागवला असता. कोणीही खोटं बोललेलं नसताना काकांचा माल बिघडला असता.

अण्णांचा शिरस्ता असा, की कॉम्प्रेसरची ऑर्डर जाण्याआधी विकणाऱ्याने बसून ग्राहकाशी झालेलं सगळं बोलणं सांगायचं. चहा घेताना निघालेलं बोलणंसुद्धा. मग दोघांनी मिळून ग्राहकाकडे जायचं आणि त्याच्या तोंडून तेच पुन्हा ऐकायचं. ही दुसरी पायरी लोक टाळतात. बंद झालेला सौदा पुन्हा उघडेल, ही भीती असते. मलाही ती होती.

काकांकडे दोन गोष्टी निघाल्या. हंगामाच्या भरात एखाद्या दिवशी आठ टन माल येतो. आणि त्यांच्या नव्या खोक्यांत आतला प्लास्टिक कागद भोकांवर येत होता. अण्णा सरळ म्हणाले, "काका, सहा टनांचा शब्द आहे, तो पाळू. आठ टनांना सहा तास पुरणार नाहीत. आणि भोकं झाकलेली असतील तर सहा टनांनाही नाहीत." काका थोडे नाराज झाले, पण कागद कापून लावायला तयार झाले. वीजजोडणी आणि पाया त्यांच्याकडे होता. म्हणून चालू करण्याची तारीख ठरली ती ही दोन्ही कामं पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मोजून.

चाचणी कशी घ्यायची तेही त्याच दिवशी लिहिलं: पूर्ण सहा टन माल, आणि थर्मामीटर पॅलेटच्या मधल्या खोक्यातल्या मण्यात. अर्ध्या मालावर किंवा कडेच्या खोक्यावर घेतलेली चाचणी जवळजवळ नेहमीच पास होते, आणि भांडण हंगामात उभं राहतं.

पहिल्या चाचणीत कडेचे मणी वेळेत उतरले, मधले मागे राहिले. अण्णा गुडघ्यावर बसले आणि पॅलेटच्या खाली हात धरला. थंड हवा खोक्यांतून न जाता खालच्या फटीतून पळत होती. फोमच्या पट्ट्या लावून फटी बुजवल्या. पुढच्या लोडला मधला मणी सहा तासांच्या आत ४ च्या खाली आला. काकांनी थर्मामीटर स्वतः धरला होता. नंतर शेजारच्या दोन बागायतदारांना त्यांनीच आमच्याकडे पाठवलं. त्याचं श्रेय कंपनीत मला मिळालं. ते अण्णांचं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आज लिहून ठेवतो.

अण्णा आता निवृत्त आहेत. आमच्या ऑर्डरच्या नमुन्यात 'खोलीचे तापमान' या एका रकान्याच्या जागी आता तीन आहेत: तापमान कशाचं, कुठे मोजायचं, किती मालावर. ते तिन्ही त्यांनी घातलेले आहेत, आणि ते भरल्याशिवाय खरेदी विभाग कागद घेत नाही.