पाण्यातलं अंडं : मे महिन्यातली पानं

3 मे
पोच्ड एगच्या पांढऱ्याला पाण्यात ज्या चिंध्या सुटतात, त्या येतात कुठून, हे पाणी तापवायच्या आधीच बघता येतं. आज दोन ताटल्यांत दोन अंडी फोडली. एक कालच आणून लगेच फ्रिजमध्ये ठेवलेलं. दुसरं त्याआधीच्या आठवड्यातलं, ओट्यावरच्या टोपलीत पुण्याच्या उन्हाळ्यात राहिलेलं. ताज्या अंड्याचा बलक उंच, गोल उभा राहिला. त्याच्याभोवती दाट पांढऱ्याची जाड गादी होती आणि बाहेर पातळ पांढऱ्याचं लहानसं कडं. दुसऱ्याचा बलक बसका, दाट पांढरं जेमतेम, आणि पाण्यासारखं पांढरं ताटलीच्या कडेपर्यंत पोचलेलं.

चिंध्या होतात त्या या पातळ भागाच्या. दाट पांढरं एक प्रकारच्या प्रथिनांच्या जाळीने धरलेलं असतं, म्हणून ते बलकाला बिलगून राहतं. पातळ भागाला धरून ठेवणारं काहीच नसतं. पाण्यात पडला की तो आधी पसरतो आणि मग शिजतो.

अंडं जुनं होतं म्हणजे काय, तर कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पांढऱ्याचा सामू ताज्या अंड्यात 8 च्या जरा खाली असतो, तो हळूहळू 9 च्या वर चढतो. त्या अल्कलीपणात दाट पांढऱ्याची जाळी सैल पडते आणि तेही पातळ होऊ लागतं. उष्णतेत हे सगळं झपाट्याने होतं, म्हणून मे महिन्यात तारखेपेक्षा अंडं कुठे ठेवलं होतं याला जास्त महत्त्व.

5 मे
कोपऱ्यावरच्या दुकानदार काकांना विचारलं, “ताजी आहेत का?” ते म्हणाले, “ताई, आजचीच गाडी आहे.” म्हणजे अंडी दुकानात आज आली. कोंबडीने कधी घातली, ते सुट्या अंड्यांवर लिहिलेलं नसतं. घरी आल्यावर एक अंडं पाण्याच्या भांड्यात सोडून बघावं. तळाशी आडवं पडलं तर पोचसाठी घ्यावं. बोथट टोक वर करून तिरपं झालं तर आतली हवेची पोकळी वाढली आहे. ते उकडायला ठेवावं. उकडलेल्या अंड्याचं कवच सोलताना हेच जुनेपण उपयोगी पडतं, कारण अल्कली झालेलं पांढरं आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. तरंगलं तर टाकून द्यावं.

आडव्या पडलेल्या अंड्यातही थोडं पातळ पांढरं असतंच. त्यावर मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय हॅरल्ड मॅक्गी यांनी त्यांच्या स्वयंपाकाच्या विज्ञानावरच्या पुस्तकात सांगितला आहे : अंडं भोकांच्या चमच्यात घेऊन पातळ भाग गळू द्यायचा. मी स्टीलची बारीक गाळणी वाटीवर धरते, अंडं दुसऱ्या वाटीत फोडून अलगद तिच्यात ओतते आणि गाळणी एकदोनदा गोल फिरवते. काही सेकंदांत पातळ पांढरं खाली जातं, दाट पांढरं आणि बलक वर राहतात. खाली उतरलेलं दुपारच्या ऑम्लेटमध्ये घालावं.

8 मे
आज फक्त पाण्याचं तापमान बदलून बघितलं. अंडी एकाच खोक्यातली, सगळी गाळलेली, पाण्यात व्हिनेगर नाही.

खळखळ उकळत्या पाण्यात गाळलेलं अंडंसुद्धा वेडंवाकडं झालं. दोष उष्णतेइतकाच हालचालीचा आहे. बुडबुडे अजून न जमलेल्या पांढऱ्याला आपटत राहतात आणि त्याच्या कडा फाडतात. शिवाय बाहेरचं पांढरं रबरासारखं होतं, तोवर बलकाभोवतीचं कच्चंच असतं.

70 अंशांच्या पाण्यात उलटी अडचण. पांढऱ्यातलं एक प्रथिन 61-62 अंशांच्या आसपास जमू लागतं, पण निम्म्याहून जास्त वाटा ज्याचा, ते ओव्हाल्ब्युमिन 80 अंशांच्या पुढेच घट्ट होतं. त्यामुळे अंडं तळाशी सैलसर पडून राहिलं आणि झाऱ्याने उचलताना फाटलं. बलक मात्र 65 अंशांपासून दाटू लागतो आणि 70 च्या सुमाराला घट्ट होतो. म्हणजे पांढऱ्याला जास्त आणि बलकाला कमी उष्णता हवी. पांढरं बाहेर आणि बलक आत, म्हणूनच हे साधतं : 82 ते 85 अंशांच्या पाण्यात तीन-साडेतीन मिनिटांत पांढरं जमतं आणि मधोमध बलक वाहता राहतो.

थर्मामीटर नसला तर टोपाच्या तळाकडे बघावं. तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले, एखादाच सुटून वर येणारा, पृष्ठभाग नुसता थरथरणारा आणि वाफ निघणारी, ही ती अवस्था. उकळी आली असेल तर गॅस बारीक करून बुडबुडे शांत होईपर्यंत थांबावं.

11 मे
व्हिनेगरची पाळी. एका टोपात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरमागे एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. आम्लामुळे प्रथिनांच्या रेणूंवरचा विद्युतभार कमी होतो. एरवी एकमेकांना दूर लोटणारे रेणू मग लवकर जवळ येतात आणि जमतात. व्हिनेगरच्या पाण्यात कडा लगेच पांढऱ्या पडताना दिसल्या.

पण गाळलेल्या ताज्या अंड्यांत दोन्ही टोपांतल्या आकाराचा फरक फार थोडा होता. जुन्या, न गाळलेल्या अंड्यांत मात्र व्हिनेगरने पातळ पांढऱ्याच्या चिंध्याच लवकर जमवल्या, त्यांना बलकाकडे ओढून आणलं नाही. व्हिनेगर वाढवलं तर वरचा थर खरखरीत, निस्तेज होतो आणि आंबट चव येते. माझं मत पक्कं झालं आहे : अंडं ताजं आणि गाळलेलं असेल तर व्हिनेगर वगळावं. गाळणी नसेल तर लिटरला एक चमचा घालावं, त्याहून जास्त नाही.

पाण्यात भोवरा करून त्यात अंडं सोडण्याची रीत एकाच अंड्यापुरती ठीक. दुसरं सोडलं की भोवरा पहिल्याला ढकलू लागतो.

17 मे
रविवार. भाऊ-वहिनी न्याहारीला, म्हणजे अंडी चार. इथे हिशेब करावा लागतो. एक लिटर पाणी 85 अंशांवर असताना फ्रिजमधलं पन्नास ग्रॅमचं एक अंडं त्याला तीनेक अंशांनी थंड करतं. चार अंडी एकदम सोडली तर पाणी दहा-अकरा अंशांनी उतरतं, म्हणजे परवाच्या 70 अंशांच्या टोपाच्या जवळ जातं. म्हणून रुंद पातेल्यात तीन लिटर पाणी घेतलं, 88 पर्यंत तापवलं आणि प्रत्येक अंडं वाटीतून, वाटी पाण्याला टेकवून, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडलं. ज्या क्रमाने सोडली त्याच क्रमाने काढायची. पहिल्या मिनिटानंतर झाऱ्याने हलकेच तळापासून सुटं केलं.

वहिनीने विचारलं, “ताई, हे आदल्या दिवशी करून ठेवता येतं का?” येतं. पांढरं जमताच काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं, गार झालं की पाण्यासकट झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं. वाढण्याआधी 60-65 अंशांच्या गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून ठेवलं की ते गरम होतं आणि बलक वाहताच राहतो. वहिनीला दिवस गेले आहेत, म्हणून तिचं अंडं बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत पाण्यात ठेवलं. वाहत्या बलकात साल्मोनेला जिवंत राहू शकतो, तेव्हा गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी किंवा वयस्कर माणसं यांना अंडं असं घट्ट करूनच द्यावं.