मी ओढून पाहिलंय

महिला दिनाच्या घोषवाक्यांचं काम आलं की सोबतच्या कागदावर नारीशक्ती, दुर्गा, 'घर सांभाळून' हे शब्द आधीच लिहिलेले असतात. मी कारखान्याचं नाव झाकून ओळ वाचते. ती बँकेलाही शोभत असेल तर खोडते.

चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनतात. लाइनवर बहुतेक बायकाच. लिहिण्याआधी मी पाळीभर तिथं उभी राहिले. वायरच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवलेलं असतं. त्याची पुढची पकड तांब्याच्या तारा धरते, मागची पकड वरचं प्लास्टिक. पुढच्या पकडीत प्लास्टिक शिरलं, किंवा एखादी तार बाहेर राहिली, तर तो तुकडा बाजूला जातो. नंतर टर्मिनल कनेक्टरच्या खाचेत ढकलायचं, 'टक्' ऐकायचं आणि वायर हलकेच मागे ओढून पाहायची. हे ओढणं फार मोलाचं. अर्धवट बसलेलं टर्मिनल तपासणीच्या बोर्डावर पास होऊ शकतं, कारण टोकं तेवढ्यापुरती टेकलेली असतात. पुढे खड्ड्यांत गाडी हादरली की ते मागे सरकतं आणि दिवा बंद पडतो.

'नाजूक हात, मजबूत जोड' ही ओळ व्यवस्थापनाला आवडली होती. पण इथं कस लागतो तो कानाचा आणि निर्णयाचा. नाजूकपणाचा काही संबंध नाही. मी लिहिलं, 'ढकललं, ऐकलं, ओढून पाहिलं. गाडी जाऊ दे.' जेवणाच्या सुट्टीत ते वाचून दाखवलं. एक मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे, पण पाहिलं कुणी ते कुठं लिहिलंय? चुकलं तर आमचाच नंबर शोधतात ना?" मग ओळ झाली, 'मी ओढून पाहिलंय. गाडी जाऊ दे.' लहान झाली, आणि जबाबदारीसोबत अधिकारही तिच्यात आला.

'आमच्या कंपनीच्या लेकी' या ओळीला मात्र मी ठाम नकार दिला. त्यांतल्या कित्येकजणींची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागते. 'समान संधी'लाही नकार दिला, कारण त्या मजल्यावरचे सगळे सुपरवायझर पुरुष होते. जे पगारपत्रकात नाही ते फलकावर लिहिलं तर वाचणारीला ते पहिल्या नजरेत कळतं. 8 मार्च 1917 ला पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी भाकरी मागितली होती. त्या दिवसाच्या नावानं लिहिताना पगार आणि हजेरी विसरून कसं चालेल?

फलक गेटवर लावायचा बेत होता. तिथं तो पाहुण्यांना दिसला असता, आणि पाळीला येणाऱ्या बायका घाईत पुढे गेल्या असत्या. मी तो कनेक्टर भरायच्या टेबलांसमोर, बसल्या जागेवरून वाचता येईल अशा उंचीवर लावायला सांगितला. गुलाबी रंग आणि फुलं काढली, तारीखही काढली. तारीख असती तर 9 मार्चला कुणीतरी तो उतरवलाच असता.