बिलाचा बळी

शिराळ्याच्या एका खत दुकानदाराचा फोन मला अजून आठवतो. "साहेब, कागदावर 'बलि' छापलंय. बळी कुणाचा द्यायचाय?"

पीडीएफ बिलं तपासणं हे माझं काम. बेरीज, जीएसटीचं राउंडिंग, बेरजेची ओळ एकटीच पुढच्या पानावर पडू नये म्हणून 1 पासून 60 ओळींपर्यंतची बिलं, सगळं तपासून झालं होतं. मराठी मजकुराची टेस्टसुद्धा होती: पीडीएफमधून मजकूर काढायचा आणि त्यात 'बिल' सापडतं का बघायचं. सापडत होतं. हिरवी खूण.

फाइल उघडली तर खरोखरच 'बलि'! 'शिराळा'चं 'शरिाळा'. युनिकोडमध्ये 'बि' लिहिताना आधी ब येतो, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी ब-च्या आधी दिसायला हवी. ही अदलाबदल, जोडाक्षरं जुळवणं, याला शेपिंग म्हणतात. आमची पीडीएफ लायब्ररी ते करतच नव्हती. आली ती अक्षरं ओळीने मांडत होती, त्यामुळे वेलांटी पुढच्या ल-ला जाऊन चिकटली. आणि अक्षरं अशी ओळीने मांडलेली होती, म्हणूनच बाहेर काढलेला मजकूर अगदी बरोबर निघत होता!

डेव्हलपरने हार्फबझ जोडून दुरुस्ती केली. आता पानावर वेलांटी ब-च्या आधी रेखाटली जाऊ लागली, तर मजकूर काढताना तीही आधीच बाहेर यायला लागली: आधी सुटी वेलांटी, मग 'बल'. टेस्ट लाल. आणि मी, मराठी शाळेत शिकलेला माणूस, पान न उघडता त्याची बरोबर दुरुस्ती 'बग' म्हणून परत पाठवली. एकदा नाही, दोनदा. तो केरळचा, त्याला देवनागरी वाचता येत नाही. दुसऱ्यांदा परत आल्यावर त्याने फक्त पानाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "तूच सांग, यातलं चूक काय आहे?" त्या फोटोला मी तासभर उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून मराठी पानांचं चित्र काढतो:

```
pdftoppm -r 150 -png bill.pdf bill
```

मराठी वाचणाऱ्या माणसाने एकदा डोळ्यांखालून घालून मंजूर केलेलं चित्र जपून ठेवायचं आणि नवं त्याच्याशी ताडून बघायचं. कटकटीचं आहे. फॉन्टची आवृत्ती बदलली की सगळी चित्रं बदलतात, पुन्हा सगळी वाचत बसा. पण नमुन्यात 'कऱ्हाड', 'किंमत', 'विक्री' असे शब्द घालाच. 'एकूण' शेपिंगशिवायही बरोबरच दिसतो, त्याच्यावर विसंबू नका.

मध्यंतरी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मजकूर काढून तपासणं टाकाऊ आहे. मग एका बिलात 1,18,000 च्या जागी 1,08,000 छापलं गेलं. मी ते पान डोळ्यांनी पाहिलं होतं, वेलांट्या निरखून पाहिल्या होत्या, आणि मंजूरही केलं होतं. चूक सापडली ती बेरजेच्या जुन्या टेस्टला, पीडीएफमधून काढलेल्या मजकुरात.