अस्तराला पडलेलं भोक

देवपुरात मे महिन्यात लग्न म्हणजे घामाची अंघोळ. हळदीच्या सकाळी नेलपॉलिश पुसताना रिमूव्हर दादाच्या कोटाच्या चकचकीत अस्तरावर सांडलं. घाईनं चोळलं, तर कापड चिकट होऊन बोटांनाच लागलं. रुपयाएवढं भोक!

टेलरमामा बघताक्षणी म्हणाले, "ॲसिटेट आहे पोरी. चोळायचं नव्हतं, आपोआप उडू द्यायचं. डाग कडक राहिला असता, पण भोक नसतं पडलं."

नंतर वाचलं. लाकडातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून ॲसिटेट बनतं. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून बारीक छिद्रांतून सोडतात. गरम हवेत ॲसिटोन उडतं, धागा उरतो. बऱ्याच रिमूव्हरमध्ये ॲसिटोनच असतं. म्हणजे मी धाग्याचं परत द्रावण केलं होतं! साध्या सुती कापडाला यानं काही झालं नसतं.

मामांनी नवा तुकडा लावला. इस्त्री अगदी मंद, वर सुती फडकं ठेवून. जास्त तापली तर ॲसिटेट आधी विचित्र चकाकतं, मग वितळून इस्त्रीलाच चिकटतं. बगलेत त्यांनी न सांगताच सुती पट्टी शिवली, कारण ओलं झालं की हे कापड कमजोर होतं आणि घामानं रंगही उतरतो.

वरातीनंतर पट्टी चिंब होती, अस्तर शाबूत. दादाला अजून सांगितलेलं नाही.