सरांची मराठी

मी आधी ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत होते, तिथे मुख्याध्यापक सरांचा मूड ओळखायची एक सोपी खूण होती. सर खुशीत असले की उर्दू बोलत, बिघडले की मराठी. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे हे लिहिताना जरा वाईटच वाटतं, पण खरं आहे. "क्या आपा, चाय हो गयी?" असं कानावर आलं की दिवस बरा. "आपण मस्टरवर सही केलीत का?" आलं की पोटात गोळा. परिपत्रकं, खुलासे, शिक्षणाधिकारी कार्यालयाचे फोन, सगळं मराठीतून यायचं. बहुधा त्यामुळेच राग आला की तीच भाषा त्यांच्या तोंडी येत असावी.

माणूस वाईट नव्हता. एखाद्या मुलाची सहलीची फी गुपचूप स्वतःच्या खिशातून भरायचे. पण काल ज्या गोष्टीला हसले, त्याच गोष्टीवर आज सगळ्या वर्गासमोर बोलायचे. आज कुठले सर येणार, हे सकाळपर्यंत कळायचं नाही, आणि त्रास त्याचाच जास्त होता. नेहमीच कडक असलेल्या माणसाची सवय तरी होते.

मग आम्ही शिकलो. पहिली बातमी शिपाई चाचा आणायचे. सरांनी स्कूटर नीट स्टँडवर लावली की नुसती भिंतीला टेकवली, एवढ्यावर ते स्टाफरूममध्ये येऊन मान डोलवायचे किंवा हलवायचे. पगारबिलं शालार्थवर भरायचे दिवस कायम खराब, हे क्लार्कने सांगितलं. त्या दिवसांत रजेचं नावही काढायचं नाही.

सगळ्यात उपयोगी युक्ती एका जुन्या सरांनी मला शिकवली : तोंडी कधी विचारू नका. चिडलेला माणूस तोंडाने एकदा "नाही" म्हणाला की ते त्याच्या इज्जतीचं होऊन बसतं. दुसऱ्या दिवशी मन निवळलं तरी शब्द मागे घेता येत नाही. तेच अर्ज लिहून टेबलावर ठेवला, तर तो नुसता पडून राहतो. सर उद्या उर्दूत बोलायला लागले की त्यावर सही होते. मी अशा कितीतरी रजा मिळवल्या. नव्याने आलेल्या एका मुलीला हे सांगायचं राहून गेलं. भावाच्या साखरपुड्यासाठी तिने भर व्हरांड्यात रजा मागितली आणि तिला शेवटपर्यंत ती मिळाली नाही.

आम्हाला या सगळ्याचा थोडा अभिमानही होता. कुणी पालक आले की चाचा दारातच सांगायचे, "आज नको, उद्या या." सरांचा त्रास वाचला, पालकांचाही वाचला, असं आम्ही धरून चालायचो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील बांधकामावर बिगारी होते. बँकेत तिचं खातं उघडायला बोनाफाईड हवं होतं. पहिल्या दिवशी चाचांनी परत पाठवलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा मीच म्हणाले, "भाई, आज सर का मूड ठीक नही, कल आओ." तिसऱ्यांदाही मीच. दाखला क्लार्कने पहिल्याच दिवशी लिहून ठेवला होता. फक्त सही राहिली होती.

चौथ्या खेपेला चाचा रजेवर होते. दार उघडं होतं, ते सरळ आत गेले. मी शेजारी क्लार्कपाशी उभी होते. सर त्या दिवशी मराठीतच होते, सकाळपासून. आता काय होतंय म्हणून मी श्वास धरला.

"काय काम आहे?"

"बच्ची का बोनाफाईड, सर."

सरांनी क्लार्ककडून कागद मागवला, सही केली, शिक्का मारला. अर्धं मिनिट लागलं नसेल. मग विचारलं, "मुलीचा वर्ग सुरू होऊन इतके दिवस झाले, आत्ता आलात?"

"तीन बार आया, सर. बोले, आपका मूड ठीक नही." त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तीन खाडे हुए, तो मुकादम ने दूसरा आदमी रख लिया."

सर काही बोलले नाहीत. खुर्चीतून उठून त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. हे मी त्यांना त्याआधी कधी करताना पाहिलं नव्हतं.

परत येताना ते माझ्यापाशी थांबले. "आपा," ते हळूच म्हणाले, उर्दूत, "मैं ने कभी किसी के बोनाफाईड को ना कहा है?"

मी आठवायचा प्रयत्न केला. रजेला म्हटलं होतं, सहलीला म्हटलं होतं, पंख्याच्या दुरुस्तीला म्हटलं होतं.

"नहीं, सर," मी म्हणाले.

त्या दुपारी माझ्या रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडलेला होता. मी जाऊन तो उचलून आणला.