मुद्द्यांवरून बोलताना

टेक्सासमधील फ्रिस्कोत राहणारी एखादी मराठी गृहिणी पुरणपोळीची कृती कॅमेऱ्यासमोर सांगताना पूर्ण संहिता वाचू लागली, की तिचे डोळे ओळींवरून सरकताना दिसतात आणि लेखी वाक्यांमुळे आवाज सपाट होतो. म्हणून ‘डाळ बोटचेपी’, ‘कट निथळणे’, ‘पुरणात उलथने उभे’ एवढेच मुद्दे भिंगाशेजारी लावावेत, मात्र पहिले वाक्य आणि मापे पूर्ण लिहावीत, कारण अडखळणे बहुधा तिथेच होते. ‘तर’, ‘सो’ ही पालुपदे, म्हणजे विचार जुळेपर्यंतचे भरीचे शब्द, येऊ लागताच क्षणभर गप्प राहणे उत्तम, कारण शांतता संकलनात सहज कापता येते, पण पुढच्या शब्दाला चिकटलेले ‘तर’ कापताना त्या शब्दाचे पहिले अक्षरच तुटते. कापल्याने चित्रात पडणारी उडी शिजणाऱ्या पुरणाच्या जवळच्या दृश्याने झाकावी. स्पष्टीकरण जोडणारे ‘म्हणजे’ मात्र राहू द्यावे.