नऊ स्लाइसचा नकाशा

दिवाळीआधी नानकटाईच्या ऑर्डरी यायला लागल्या की माझ्या ओव्हनचा एक जुना हट्ट डोकं वर काढायचा. एकाच ट्रेमधली मागची रांग खमंग बदामी, तर पुढची पांढरीफटक. घरात कुणी तक्रार करत नाही, पण विकायच्या डब्यात असा दुरंगी माल भरवत नाही. वेळ वाढवावी तर मागची करपते, कमी करावी तर पुढची कच्ची लागते. थर्मामीटर आणून आत ठेवला, पण तो जिथे ठेवलाय त्या एका जागेचंच तापमान सांगतो. मला सगळ्या जाळीचं हवं होतं. म्हणून जाळीभर मांडून रंगावरून धग ओळखता यावी यासाठी साध्या पांढऱ्या ब्रेडचा पुडा आणला. ब्राउन ब्रेडवर रंगातला फरक नीट दिसत नाही, आणि मिल्क ब्रेड गोडसर असल्यामुळे फार लवकर लाल होतो.

माझा ओटीजी 40 लिटरचा, वर-खाली दोन्हीकडे रॉड असलेला. नानकटाई ज्या खाचेत भाजते त्याच मधल्या खाचेत जाळी सरकवली, वरचे-खालचे दोन्ही रॉड लावून 180 अंशांवर तापत ठेवलं. रॉड लालभडक असतानाच ब्रेड आत टाकला तर रॉडची थेट धगच नोंदली जाते, म्हणून थर्मोस्टॅटने ते एकदा बंद करेपर्यंत थांबले. टोकाच्या जाड सालीच्या स्लाइस वगळल्या आणि बाकीच्या जाळीवरच एकमेकींना चिकटून मांडल्या. तीन रांगांत नऊ बसल्या.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, पाव भाजायला एवढा थाट? तवा आहे की!”

“पाव नाही आई, ओव्हन तपासतेय.”

इथे लक्ष काचेवर हवं. पाचव्या मिनिटापासून मी दर मिनिटाला डोकावत होते. सगळ्यात गडद स्लाइस बिस्किटी रंगावर आली की ब्रेड बाहेर काढायचा. आणखी ठेवला तर सगळ्याच लाल होतात आणि फरक बुजून जातो. काढलेल्या स्लाइस ओट्यावर त्याच क्रमाने मांडून फोटो काढला. मागचा डावा कोपरा सर्वांत गडद, मागची उजवी त्याहून जरा फिकी, मधली रांग सोनेरी, आणि दाराजवळची रांग जवळजवळ पांढरी, त्यातही उजवी सगळ्यात कोरी. मग त्या उलटून पाहिल्या. खालच्या बाजूला रॉडच्या रेषेत गडद पट्टे होते. ते मी फार मनावर घेतले नाहीत, कारण नानकटाईखाली धातूचा ट्रे असतो आणि तो धग बरीचशी पसरवतो.

हा फोटो पाहूनच ट्रे फिरवण्याचा खरा अर्थ लागला. ट्रे अर्धा गोल फिरवला की मागची डावी नानकटाई पुढे उजवीकडे जाते, म्हणजे सर्वांत तापट जागेवरची सर्वांत थंड जागेवर. माझ्या ओव्हनला हे अगदी जुळून आलं. पण मधोमध बसलेली तिथेच राहते. एखाद्याच्या ओव्हनमध्ये मधलाच भाग जास्त तापत असेल, तर ट्रे कितीही फिरवा, काही होणार नाही. तिथे मधली जागा मोकळी सोडून मांडणी करावी लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. माझी नानकटाई 160 अंशांवर साधारण 16 मिनिटं घेते. हिशेबाने ट्रे आठव्या मिनिटाला फिरवायला हवा. पण सुरुवातीची मिनिटं पीठ तापण्यात, तूप वितळण्यात आणि वरचा थर सुकण्यात जातात. रंग चढतो तो बहुतेक शेवटच्या टप्प्यात. बरोबर मध्यावर फिरवलं तर सगळा रंग दुसऱ्या जागेवरच चढतो आणि आधी पांढरी राहणारी रांग आता करपू लागते. म्हणून मी घड्याळापेक्षा मागच्या डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवते. तिथल्या नानकटाईच्या कडेला पहिली सोनेरी छटा दिसली, साधारण दहाव्या मिनिटाला, की ट्रे बाहेर घेते, दार लगेच लावते, ओट्यावर ट्रे फिरवते आणि परत आत सरकवते. दार उघडं ठेवून आतच खटपट केली तर गरम हवा निघून जाते आणि रॉड पुन्हा पेटून वरून जास्त धग देतात.

केकला मात्र एवढ्या लवकर हात लावत नाही. मधला भाग हलता असताना धक्का बसला तर केक बसतो. दोन-तृतीयांश वेळ उलटून मधला भाग स्थिर झाला की मगच डबा फिरवते. वरच्या-खालच्या खाचेत दोन ट्रे असतील तर फिरवण्याबरोबर त्यांची अदलाबदलही करावी लागते, आणि ब्रेडची चाचणी दोन्ही खाचांवर वेगळी घ्यावी लागते, कारण वरच्या रॉडजवळचा नकाशा मधल्या खाचेसारखा नसतो.

त्या नऊ स्लाइसचा चुरा करून संध्याकाळी कटलेट झाले. सासूबाईंनी दोन खाल्ले.